स्ट्रोक पिस्टनचा, टायमिंग व्हॉल्व्हचे: चार स्ट्रोक पेट्रोल इंजिनातील जास्तीचे अंश

प्रश्न: मी नाशिकला ऑटोमोबाईल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वर्गात प्रत्येक स्ट्रोक १८० अंशांचा शिकवला. पण आमच्या शंभर सीसीच्या सिंगल सिलिंडर इंजिनाच्या तक्त्यात इनलेट टीडीसीच्या १० अंश आधी उघडतो आणि बीडीसीनंतर ४० अंशांनी बंद होतो, एक्झॉस्ट बीडीसीच्या ४५ अंश आधी उघडतो आणि टीडीसीनंतर १२ अंशांनी बंद होतो, असे दिले आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा? शिवाय प्रॅक्टिकलमध्ये आम्हाला त्याच क्रमाने टीडीसीनंतर ३, बीडीसीनंतर २८, बीडीसीआधी ३२ आणि टीडीसीआधी २ अंश असे आकडे मिळाले. टायमिंग चेन चुकीची बसली आहे का?

उत्तर: चेन बरोबर बसलेली आहे. टॅपेट मात्र चुकीच्या टीडीसीवर सेट केले गेले आहेत, आणि हे तुमच्या आकड्यांवरूनच सिद्ध करता येते. पण त्याआधी पहिली शंका सोडवू, कारण तीच नीट उमगली नाही तर दुसरीचे उत्तर नुसते पाठ करावे लागेल.

स्ट्रोक हा पिस्टनचा असतो. पिस्टन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, म्हणजे वरच्या टीडीसीपासून खालच्या बीडीसीपर्यंत किंवा उलट, गेला की एक स्ट्रोक झाला, आणि तेवढ्या वेळात क्रँक बरोबर १८० अंश फिरतो. यात कोणतीही सूट नाही. व्हॉल्व्ह केव्हा उघडावा आणि केव्हा मिटावा हे ठरवतो कॅम. कॅमला पिस्टनच्या टोकांशी काही देणेघेणे नाही, त्याच्यावर जसा उंचवटा घडवला असेल तसा तो रॉकर उचलतो. म्हणजे स्ट्रोकचे १८० आणि इनलेट उघडा राहतो ते २३० अंश हे दोन वेगळ्या भागांचे आकडे आहेत. पाठ्यपुस्तकातली ‘सक्शन स्ट्रोकमध्ये इनलेट उघडा, एक्झॉस्ट बंद’ ही वाक्ये पहिल्या ओळखीपुरती ठीक आहेत. मीही पहिल्या तासाला तीच सांगतो. इंजिनाशेजारी उभे राहिल्यावर मात्र खालचा तक्ता डोळ्यांसमोर ठेवावा. यात सक्शन सुरू होतानाच्या टीडीसीला शून्य धरले आहे आणि पुढे क्रँकच्या दोन फेऱ्यांचे, म्हणजे ७२० अंश, सलग मोजले आहेत. तेवढ्यात कॅम एकच फेरी करतो.

| टप्पा | क्रँकचे अंश | पिस्टन | इनलेट व्हॉल्व्ह | एक्झॉस्ट व्हॉल्व्ह | सिलिंडरमध्ये काय घडते |
|---|---|---|---|---|---|
| सक्शन | ० ते १८० | वरून खाली | पूर्ण टप्पाभर उघडा | १२ पर्यंत उघडा, मग बंद | हवा-पेट्रोलचे मिश्रण आत येते |
| कॉम्प्रेशन | १८० ते ३६० | खालून वर | २२० पर्यंत उघडा, मग बंद | बंद | आधी मिश्रण येतच राहते, मग दाबले जाते; ३६० च्या थोडे आधी स्पार्क पडतो |
| पॉवर | ३६० ते ५४० | वरून खाली | बंद | ४९५ ला उघडतो | जळता वायू पिस्टन ढकलतो. शेवटी दाब बाहेर सुटतो |
| एक्झॉस्ट | ५४० ते ७२० | खालून वर | ७१० ला उघडतो | पूर्ण टप्पाभर उघडा | जळका वायू बाहेर ढकलला जातो |

तक्ता आडवा वाचण्याऐवजी व्हॉल्व्हच्या दोन स्तंभांवरून उभी नजर फिरवा. इनलेट ७१० ला उघडतो आणि पुढच्या चक्रात २२० ला मिटतो. म्हणजे १० अधिक १८० अधिक ४०, एकूण २३० अंश. एक्झॉस्ट ४५ अधिक १८० अधिक १२, असा २३७ अंश उघडा राहतो. सिलिंडर दोन्ही बाजूंनी बंद असतो तो केवळ २२० पासून ४९५ पर्यंत, आणि ७१० पासून पुढच्या १२ पर्यंतच्या २२ अंशांत दोन्ही व्हॉल्व्ह एकदम थोडे थोडे उघडे असतात. हाच ओव्हरलॅप.

या चार कोनांपैकी इनलेट मिटण्याचा कोन विद्यार्थ्यांना सर्वांत विचित्र वाटतो. पिस्टन वर येऊ लागला तरी दार उघडे ठेवायचे, मग मिश्रण परत बाहेर जाणार नाही का? प्रश्न अगदी योग्य आहे. उत्तर दोन गोष्टींत आहे.

पहिली गोष्ट वेळेची. इंजिन मिनिटाला ६,००० फेरे करत असेल, तर एका फेरीला १० मिलिसेकंद लागतात आणि सक्शनच्या स्ट्रोकला त्यातले फक्त ५ मिळतात. कार्ब्युरेटरपासून व्हॉल्व्हपर्यंतच्या नळीत जो मिश्रणाचा स्तंभ आहे, त्याला वजन आहे. तो गती घ्यायला वेळ लावतो आणि एकदा गती घेतली की पिस्टन बीडीसीला थांबला म्हणून लगेच थांबत नाही. मागून येणारा लोंढा पुढच्याला रेटत राहतो, आणि त्या रेट्याचा फायदा घ्यायचा तर दार थोडा वेळ उघडे ठेवावे लागते.

दुसरी गोष्ट पिस्टनच्या चालीची, आणि ती कागदावर मोजूनच पटते. ५० मिमी बोअर आणि ४९.५ मिमी स्ट्रोकचे इंजिन घेतले की ९७.२ सीसी होतात. तुमचे इंजिन याच आसपासचे असावे. कनेक्टिंग रॉड १०० मिमी धरला, तर बीडीसीनंतर क्रँक ४० अंश फिरेपर्यंत पिस्टन किती वर येतो? फक्त ४.५ मिमी. क्रँकचा जवळजवळ पाव स्ट्रोक सरला, पण पिस्टनने आपल्या वाटेचा अकरावा हिस्साच कापला. टीडीसीपासून तेच ४० अंश मोजले तर पिस्टन सुमारे ७ मिमी सरकतो, कारण कनेक्टिंग रॉडच्या तिरपेपणामुळे पिस्टन खालच्या टोकाशी जास्त रेंगाळतो. म्हणून बीडीसीच्या बाजूचे कोन मोठे ठेवणे परवडते आणि टीडीसीच्या बाजूचे लहान ठेवावे लागतात. १० अंश आधी इनलेट उघडतो तेव्हा पिस्टन टीडीसीपासून जेमतेम अर्धा मिमी खाली असतो.

अर्थात हा फायदा फुकटचा नाही. इंजिन हळू फिरत असताना नळीतल्या स्तंभाला तेवढा जोर नसतो, आणि वर येणारा पिस्टन थोडे मिश्रण खरोखरच मागे ढकलतो. कॅम एकच असल्यामुळे ४० चा आकडा हा सावकाश आणि वेगवान चालीमधला तोडगा आहे. ज्या गाडीला सप्तशृंगीच्या घाटात दोन माणसे घेऊन चढायचे आहे तिचा कॅम लवकर मिटणारा हवा, आणि जिला नुसते जास्त फेऱ्यांवर पळायचे आहे तिचा उशिरा मिटणारा. महागड्या इंजिनांत चालू गाडीत कॅमचा कोन बदलण्याची सोय असते ती याचसाठी.

एक्झॉस्ट ४५ अंश आधी का उघडतो, हे त्या मानाने सोपे आहे. तेव्हा पिस्टनचा सुमारे पावणेसहा मिमी प्रवास शिल्लक असतो आणि सिलिंडरमधला दाब बराच उतरलेला असला तरी बाहेरच्या हवेपेक्षा पुष्कळ जास्त असतो. त्या उरलेल्या दाबातून मिळणारे काम थोडे, पण तोच दाब वर येताना पिस्टनला आडवा आला तर नुकसान मोठे; म्हणून तो आधीच सोडून द्यायचा. सायलेन्सरमधून जो ठोका ऐकू येतो, तो याच सुटलेल्या दाबाचा. ओव्हरलॅपमध्ये बाहेर धावणारा जळका वायू आपल्यामागे ओढ निर्माण करतो, आणि ताज्या मिश्रणाला आत यायला त्या ओढीची मदत होते.

आता तुमच्या आकड्यांकडे येऊ. वहीत एक ओळ आखा आणि प्रत्येक घटनेपुढे तक्त्यापेक्षा किती अंशांचा फरक पडला ते लिहा. इनलेट १० आधीऐवजी ३ नंतर उघडला, म्हणजे १३ अंश उशिरा. ४० ऐवजी २८ ला मिटला, म्हणजे १२ अंश लवकर. एक्झॉस्ट १३ अंश उशिरा उघडला आणि १४ अंश लवकर मिटला. दोन्ही व्हॉल्व्ह दोन्ही बाजूंनी जवळपास सारखेच कातरले गेले आहेत. इनलेटचे २३० चे २०५ झाले, एक्झॉस्टचे २३७ चे २१०, आणि ओव्हरलॅप तर उरलाच नाही. उलट टीडीसीच्या आसपास ५ अंश दोन्ही व्हॉल्व्ह बंद आहेत.

चेन चुकली असती तर चित्र अगदी वेगळे दिसले असते. कॅम स्प्रॉकेटला २८ दाते आहेत असे धरा. एक दाता चुकला की कॅम ३६० भागिले २८, म्हणजे सुमारे १२.९ अंश सरकतो. क्रँक कॅमच्या दुप्पट फिरतो, म्हणून क्रँकच्या मापात ते जवळजवळ २६ अंश होतात. कॅम २६ अंश मागे पडला तर चारही घटना २६ अंशांनी उशिरा होतील. इनलेट टीडीसीनंतर १६ ला उघडेल, बीडीसीनंतर ६६ ला मिटेल. एक्झॉस्ट बीडीसीच्या १९ आधी उघडेल आणि टीडीसीनंतर ३८ ला मिटेल. पण इनलेट २३० अंशच उघडा राहील, एक्झॉस्ट २३७, आणि ओव्हरलॅपही २२ चा २२. फक्त तो टीडीसीच्या दोन्ही बाजूंना वाटलेला न राहता सगळाच टीडीसीच्या पुढे गेलेला असेल. एकाच कॅमशाफ्टवर दोन्ही उंचवटे असल्यामुळे चेन त्यांना एकमेकांच्या जवळ आणू शकत नाही की दूर नेऊ शकत नाही. तेव्हा सगळे कोन एकाच दिशेला सरकले तर चेन पाहावी, आणि दोन्ही बाजूंनी आत आले तर टॅपेटचे अंतर, म्हणजे टॅपेट स्क्रू आणि व्हॉल्व्हच्या दांड्यामधली फट, वाढले आहे का ते पाहावे.

सातपूरला माझ्या वर्कशॉपमध्ये दिंडोरीकडची एक गाडी आली होती. दुसरीकडे टायमिंग चेन बदलून घेतल्यावर तिची ओढ गेली होती, आणि मालकाचे म्हणणे एवढेच होते की किक हलकी झाली. किक हलकी लागते याचा अर्थ कॉम्प्रेशन कमी, आणि नव्या चेननंतर लगेच कॉम्प्रेशन कमी झाले तर संशय रिंगांवर न घेता दात्यावर घ्यावा. वर दिलेल्या हिशेबाने इनलेट ६६ ला मिटतो तेव्हा पिस्टन १२ मिमी, म्हणजे जवळजवळ पाव स्ट्रोक वर आलेला असतो. तेवढे मिश्रण परत बाहेर गेल्यावर किकला जोर लागणार कशाचा? मॅग्नेटोची खूण खाचेशी जुळवून झाकण काढले, तर स्प्रॉकेटची खूण एक दाता मागे होती.

तुमच्या बाबतीत टॅपेटचे अंतर जास्त आहे हे तर झाले, पण ते जास्त कसे झाले हेही आकडेच सांगतात. इनलेट टीडीसी ओलांडल्याबरोबर उघडतो आणि एक्झॉस्ट टीडीसीला पोहोचण्याच्या किंचित आधी मिटतो, म्हणजे त्या टीडीसीवर दोन्ही टॅपेट नेमके मोकळे आहेत. हा योगायोग नसतो. ७२० अंशांत टीडीसी दोनदा येतो: एक कॉम्प्रेशनच्या शेवटी, एक एक्झॉस्टच्या शेवटी. मॅग्नेटोवरची खूण दोन्ही वेळा खाचेसमोर येते, आणि नुसती खूण पाहून टॅपेट सेट केले तर निम्म्या वेळा माणूस चुकीच्या टीडीसीवर असतो. तुमच्याकडे कोणीतरी ओव्हरलॅपच्या टीडीसीवर फिलर गेज घातले आहे.

तिथे काय होते ते पाहा. योग्य अंतर ०.०५ मिमी आहे आणि ओव्हरलॅपच्या टीडीसीवर इनलेट ०.१५ मिमी उघडलेला आहे असे समजू. फिलर आत जात नाही म्हणून स्क्रू सैल केला जातो. आधी ०.१५ मिमी सैल केल्यावर व्हॉल्व्ह बसतो, आणि फिलरसाठी आणखी ०.०५ सैल करावा लागतो. हात थांबतो तेव्हा फिलर छान घासत जात असतो आणि करणाऱ्याला काम नीट झाल्याचे समाधान मिळते. पण कॅमचा गोल भाग समोर आल्यावर खरे अंतर आधीचे ०.०५ अधिक हे ०.२०, म्हणजे ०.२५ मिमी निघते. कॅमने आता ही जास्तीची पोकळी भरून काढेपर्यंत व्हॉल्व्ह हलत नाही, आणि उतरताना तो तितकाच लवकर बसतो. चालू इंजिनात हेच टॅपेट कटकट वाजतात.

योग्य टीडीसी ओळखण्याची खूण हाताला कळते. मॅग्नेटोची खूण खाचेशी आणा आणि दोन्ही रॉकर बोटांनी हलवून पाहा. दोन्ही किंचित सैल लागले तर तो कॉम्प्रेशनचा टीडीसी. दोन्ही ताठ असतील, आणि क्रँक जरा पुढेमागे केल्यावर एक रॉकर वर आणि दुसरा खाली जात असेल, तर तो ओव्हरलॅपचा. तिथून क्रँक एक पूर्ण फेरी फिरवा. तुमच्या इंजिनात मात्र अंतर वाढल्यामुळे दोन्ही टीडीसींवर रॉकर सैलच लागतील, म्हणून आज ही खूण फसवेल. त्याऐवजी इनलेटचा रॉकर खाली दबून परत वर येताना पाहा. तो पूर्ण वर आल्यानंतर जो पहिला टीडीसी येईल, तो कॉम्प्रेशनचा. इंजिन थंड असावे, आणि अंतराचा आकडा त्या इंजिनाच्या पुस्तिकेतूनच घ्यावा.

टॅपेट सेट केल्यावर पुन्हा मोजाल तेव्हा टीडीसी नजरेने ठरवू नका. टीडीसीच्या दोन्ही बाजूंना २ अंशांत पिस्टन एका मिलिमीटरचा पन्नासावा भागच हलतो, त्यामुळे ‘आता वर आला’ असे वाटण्याला काहीच अर्थ नाही. स्पार्क प्लग काढून त्या भोकात पिस्टनला अडवणारा एक बोथट थांबा बसवा, आणि तो व्हॉल्व्हला लागत नाही ना हे आधी पाहा. क्रँक हाताने हळूच एका दिशेला फिरवा, पिस्टन थांब्याला टेकला की क्रँकवर बसवलेल्या चकतीवर खूण करा. मग उलट दिशेने फिरवून टेकल्यावर दुसरी खूण करा. ज्या बाजूला पिस्टन जाऊ शकत नाही, त्या बाजूच्या कंसाचा मध्य म्हणजे टीडीसी. समजा २८० मिमी व्यासाची चकती आहे आणि दोन खुणांमध्ये १९६ मिमीचा कंस आला, तर कोणत्याही खुणेपासून ९८ मिमीवर टीडीसी, आणि त्याच्या बरोबर समोर बीडीसी.

त्यानंतर थांबा काढून टाका. २८० मिमीच्या चकतीचा परीघ ८८० मिमी होतो, म्हणजे एका अंशाला सुमारे २.४४ मिमी. सूत्र तुम्हाला माहीत आहे:

कोन = कंसाची लांबी × ३६० ÷ परीघ

इनलेट ४० अंशांनी मिटत असेल तर बीडीसीच्या खुणेपासून साधारण ९८ मिमीवर खूण यायला हवी, आणि ओव्हरलॅपचे २२ अंश ५४ मिमीच्या आसपास दिसायला हवेत. उघडण्याचा क्षण पकडण्यासाठी टॅपेट आणि व्हॉल्व्हच्या दांड्यामध्ये पातळ कागदाची पट्टी धरा. ती अडकली की व्हॉल्व्ह उघडू लागला, सुटली की मिटला. पट्टीची जाडी स्वतःच अंतरातून वजा होते, म्हणून वहीच्या पुठ्ठ्याचा तुकडा चालणार नाही. क्रँक नेहमी इंजिन चालते त्याच दिशेने फिरवा; खूण पुढे गेली तर पाव फेरी मागे नेऊन पुन्हा पुढे आणा, नाहीतर चेनचा सैलपणा तुमच्या आकड्यात शिरतो. एवढे सांभाळले तरी एक-दोन अंशांचा फरक राहील, तो राहू द्या आणि वहीत जो आला तोच लिहा.

सेट केल्यानंतर इनलेट तक्त्याशी जुळला आणि एक्झॉस्टचे अंश अजूनही दोन्ही बाजूंनी कमीच आले, तर पुन्हा फिलर घालण्याआधी त्या टॅपेट स्क्रूचे टोक उजेडात धरून पाहा. जुन्या इंजिनात त्याला आणि व्हॉल्व्हच्या दांड्याच्या टोकाला खळगा पडलेला असतो. फिलरची सपाट पट्टी त्या खळग्याच्या कडांवर टेकते आणि ०.०५ दाखवते, पण मधले खरे अंतर त्याहून मोठे असते. अशा वेळी स्क्रू बदलून मगच पुन्हा मोजा.